सोयाबीनचा सात वर्षांचा आडवा पट्टा

पोहरादेवीच्या शिवारात खरिपाला सोयाबीनच जास्त दिसतं, त्यामुळे चार्ट वाचायची सवय मला शेअरपेक्षा याच पिकावर लागली. सगळ्यात जास्त शिकवलं ते 2013 ते 2020 या काळाने. 2012 मध्ये क्विंटलचा भाव पाच हजारांजवळ जाऊन आला होता. त्यानंतर सात-आठ वर्षं तो ढोबळमानाने खाली पावणेतीन-तीन हजार आणि वर साडेचार हजार अशा आडव्या पट्ट्यात फिरत राहिला. रोजच्या चार्टवर हा पट्टा दिसतच नाही, तिथे नुसता गोंधळ असतो. वीकलीवर तो आयतासारखा उमटतो.

आयताच्या उजव्या भागात, 2017 च्या तळापासून पुढे, भाव बशीसारखा वळला. त्या वर्षी तो हमीभावाच्याही खाली होता. मग दर वर्षीच्या नव्या मालाच्या आवकेत भाव पडायचा, पण आधीइतका खोल नाही. गोल तळाची माझी खूण हीच. शेतमालात ऑक्टोबरची घसरण येणारच, म्हणून एका हंगामाचा तळ मागच्या हंगामाच्या तळाशीच ताडून पाहावा. वायद्याच्या जोडचार्टवर तर जुना करार संपून नव्या पिकाचा लागला की खोटी फट पडते. ती फट ब्रेकडाउन समजणारे बरेच असतात. मी इंदूरचे हजर भाव लावून खात्री करतो.

पाया लांब असला की झेप मोठी, असं चार्टवाले म्हणतात. मला यातलं निम्मंच पटतं. मुदत इतकंच सांगते की चढ्या भावात माल धरून बसलेले केव्हाच कंटाळून विकून गेले आहेत, त्यामुळे वर अडवायला विक्रेते थोडे. किती वर जाईल, हे उंचीवरून काढतात. तीन ते साडेचार हजार म्हणजे दीड हजारांची उंची, ती वरच्या कडेवर चढवली की सहा हजार. 2020 च्या पावसाने पीक खराब झालं, जगभर तेलबिया तापल्या आणि भावाने ती कड ओलांडली. ऑगस्ट 2021 मध्ये तो दहा हजारांवर गेला. सहा हजारांचा हिशेब किमान म्हणून खरा ठरला, पुढचे चार हजार मात्र टंचाईचे होते. सात वर्षांच्या पायावरची ही चाल वर्षही पुरली नाही.

टिकण्याबद्दल मुदत काहीच सांगत नाही. सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली, नवा माल आला आणि भाव झपाट्याने उतरला. डिसेंबर 2021 मध्ये वायदेही थांबवले गेले. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 असताना बाजार साडेचार हजारांच्या खाली, म्हणजे पुन्हा जुन्या आयतात होता. वायदे थांबल्यापासून वीकली चार्ट मी बाजार समितीच्या भावांवरून भरतो. त्यात उलाढालीऐवजी आवकेची पोती मोजतो, आणि आवक कमी असताना झालेल्या ब्रेकआउटवर पुढचे दोन आठवडे विश्वास ठेवत नाही.