लाल खुणेचा प्रवास

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी पीएमओत, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन कार्यालयात होतो. तिन्ही प्लांटमधलं स्टॉकचं जुनं सॉफ्टवेअर काढून ईआरपी बसवायचं काम चालू होतं. प्रकल्प आयटी प्रमुखांचा आणि आमचं कार्यालयही त्यांच्याच हाताखाली. सुकाणू समितीकडे जाणारा आमचा मासिक अहवाल आधी त्यांच्या टेबलावर जायचा.

अडचण मास्टर डेटाची होती. एकच बेअरिंग तीन प्लांटांत तीन वेगवेगळ्या कोडांखाली नोंदलेलं. कोड एक केल्याशिवाय शिल्लक साठा नव्या सिस्टीममध्ये चढवण्यात अर्थ नव्हता. हे काम स्टोअर्सच्या माणसांचं, आणि त्यांना रोजच्या डिस्पॅचमधून सवड नव्हती. अहवालात मास्टर डेटाच्या ओळीसमोर मी लाल खूण करायचो. साहेब म्हणायचे, "बघतोय ना आपण ते, पिवळं कर." ते खरोखरच रोज स्टोअर्सच्या मागे लागत होते, पण तिथे त्यांचा शब्द चालत नव्हता. ज्यांचा चालत होता ते प्लांट प्रमुख समितीत नव्हतेच. इतिवृत्तात दर महिन्याला एकच शेरा : 'नोंद घेतली.'

गो-लाइव्हची तारीख हुकली तेव्हा एमडींनी रचनाच बदलली. 'प्रिन्स-टू' पद्धतीत प्रकल्प मंडळावर तीन बाजू असतात : पैशाचा धनी, वापरणारा आणि काम करून देणारा. त्याप्रमाणे समितीत एमडी, एक प्लांट प्रमुख आणि आयटी प्रमुख एवढेच ठेवले. पीएमओ थेट एमडींकडे गेलं. दोन आठवड्यांहून जास्त उशीर किंवा ५ टक्क्यांहून जास्त वाढीव खर्च दिसला, की बैठकीची वाट न पाहता पर्यायांसह अपवाद अहवाल द्यायचा, असं ठरलं. त्या मर्यादेच्या आतलं प्रकल्प व्यवस्थापकाने बघायचं, समितीने लुडबुड करायची नाही.

पहिला अपवाद अहवाल एका पानाचा होता. तिन्ही प्लांट पुढे ढकला, एकाच प्लांटपासून सुरुवात करा, किंवा आहेत त्याच कोडांवर चालू करून मागाहून दुरुस्त करा. तिसरा पर्याय प्लांट प्रमुखांनी तिथेच खोडला. साठा चुकीचा दिसला तर लाइन थांबेल, म्हणाले. दुसरा ठरला, आणि स्टोअर्समधली दोन मुरलेली माणसं त्यांनी पूर्णवेळ दिली.

पण एमडींच्या हाताखाली गेल्यावर प्रकल्पातले लोक आम्हाला हेर समजू लागले. माहिती हातचं राखून मिळायला लागली. मग वेळापत्रक आणि नोंदी सांभाळणारे सहकारी प्रकल्प व्यवस्थापकाकडे दिले, तपासणी तेवढी आमच्याकडे ठेवली. लाल खूण वर पाठवण्याआधी व्यवस्थापकाला दाखवायची, त्याने खाली आपलं म्हणणं लिहायचं. रंगाला मात्र हात लावायचा नाही.