मागच्या सीटवरचा पट्टा कुणासाठी?



आपल्या घरांत गाडी आली की बसायच्या जागा आपोआप ठरतात. मुलगा चालवतो, शेजारी सून किंवा आमचे ‘हे’. मागे आपण, नातवंडं, डबे आणि पाण्याच्या बाटल्या. पुढचे दोघं पट्टा लावतात, कारण नाही लावला तर गाडी टिंगटिंग करते. मागे कुणी काही विचारत नाही. पुढे दोन सीटा आडव्या आहेत, म्हणजे आपण उशीच्या आड बसलोय, असा एक समज घरोघरी आहे. आज लिहायचंय ते या समजाबद्दल.

४ सप्टेंबर २०२२ चा रविवार तुम्हाला आठवत असेल. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईकडे येत होते. उदवाडा म्हणजे पारशी समाजाचं मोठं तीर्थ, तेव्हा एका अर्थानं यात्रेहूनच परत येत होते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मर्सिडीज कठड्याच्या भिंतीवर आदळली. हा भाग २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. गाडीत चौघं होते. पुढे बसलेले दोघं पट्टा लावून होते. ते गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे मिस्त्री आणि जहांगीर पंडोल होते. त्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, आणि गेले ते दोघंच.

जरा थांबून बघा. गाडी एकच, धक्का एकच, आणि आदळला गाडीचा पुढचा भाग. तरी वाचले ते पुढे बसलेले.

असं का होतं, याचा हिशेब मी माझ्या जुन्या बी.कॉम.च्या डोक्यानं कॅलेंडरच्या मागे मांडला. गाडी भिंतीवर आदळते तेव्हा थांबते ती गाडी. आत बसलेलं माणूस त्याच वेगानं पुढे जातच राहतं, कशानं तरी अडेपर्यंत. ताशी ५० किलोमीटर वेग म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून पडल्यावर जमिनीपाशी जो वेग असतो तो. मिस्त्रींच्या गाडीचा आदळतानाचा वेग कंपनीच्या अहवालात ताशी ८९ किलोमीटर आला होता. तो साधारण दहा मजल्यांवरून पडण्याइतका भरतो. पट्टा काय करतो, तर गाडीचं तोंड चेपत असताना त्या दोनेक फुटांत आपल्यालाही गाडीबरोबर हळूहळू थांबवतो, आणि ते ओझं छातीच्या मधल्या हाडावर आणि कमरेच्या हाडावर टाकतो. पट्टा नसेल तर आपण पूर्ण वेगानं समोरच्या सीटवर जातो आणि बोटभर अंतरात थांबतो. ती समोरची सीट उशी नाही. आत लोखंडी सांगाडा आहे.

पट्टा लावूनसुद्धा ताशी ५० च्या धडकेत अंगावर आपल्या वजनाच्या पंधरासोळा पट ओझं येतं. दहा किलोचं नातवंड त्या क्षणी दीडशे किलोचं होतं. “मी घट्ट धरून ठेवते” म्हणणाऱ्या सगळ्या आज्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. सिमेंटची तीन पोती कुणी हातात धरून ठेवू शकत नाही. आणि एकच पट्टा आपल्या आणि मांडीवरच्या बाळाच्या भोवती गुंडाळणं तर त्याहून वाईट, कारण मग आपलंच वजन त्या बाळाला पट्ट्यावर दाबतं.

पण माझी झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीनं. मी बसते मुलाच्या मागे. वजन ६२ किलो. पट्टा नसेल तर धडकेत मी त्याच्या सीटच्या पाठीवर जाणार, आणि तो स्वतःच्या पट्ट्यात अडकलेला असताना मागून माझं सगळं वजन त्याच्यावर. २००२ साली टोकियोच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जपानमधल्या अपघातांचा अभ्यास छापला होता. मागचे प्रवासी पट्ट्याविना असतील तर पुढच्या, पट्टा लावलेल्या माणसाचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं त्यात आढळलं. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून आपण बघून चालतो. इथे तर समोर आपलाच मुलगा आहे.

“आम्ही कुठे हायवेला जातो, गावातल्या गावात तर फिरतो,” असं माझी एक मैत्रीण म्हणाली. तिला मी गोपीनाथ मुंडेंची आठवण करून दिली. ३ जून २०१४ ची सकाळ, दिल्ली शहरातला चौक, मुंडेसाहेब मागच्या सीटवर. विमानतळाकडे निघाले होते. दुसरी गाडी बाजूनं येऊन धडकली. मानेला आणि यकृताला मार बसून ते गेले. पट्टा नव्हता. हायवे नव्हता.

आता आमच्या गाडीची गोष्ट. मार्गशीर्षात गजपंथाला जायचं ठरलं. कल्याणहून पडघा, शहापूर, कसारा घाट आणि नाशिकच्या पुढे म्हसरूळ. गाडी सात वर्षांची, लहान. आदल्या दिवशी दुपारी मी खाली पार्किंगमध्ये जाऊन मागची सीट तपासली. पट्टे होते, पण ज्यात ते अडकवायचे ते खटके गायब. गाडी घेतल्यावर सीटकव्हर घातले, तेव्हा शिवणाऱ्यानं तिन्ही खटके कव्हरखाली दाबून टाकले होते. बहुतेक घरांत हेच आहे. वर टॉवेलही असतो. सीटची बैठक आणि पाठ यांच्या फटीत हात घालून चाचपलं की कठीण डबी लागते. ती बाहेर काढून मी कव्हरला ब्लेडनं नीट चीर दिली आणि कडेला हातशिलाई घातली. दहा मिनिटांचं काम.

पट्टा ओढला तर येईना. मला वाटलं बिघडला. पण आमचं पार्किंग उतारावर आहे, आणि गाडी कलली की पट्टा आपोआप अडतो, त्याची रचनाच तशी असते. मुलानं गाडी सपाटीवर आणल्यावर आला. हळू ओढला की यायला हवा, हिसका दिला की जागीच अडायला हवा, सोडला की पूर्ण आत जायला हवा. हिसक्याला अडत नसेल किंवा कडेचे धागे सुटले असतील तर तो बदलायचा.

मग कळलं की मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा आहे, खांद्याचा नाही, आणि डोक्यामागे टेकूही नाही. म्हणजे आमच्या गाडीत नीट जागा चारच, आणि जाणारे पाच. नातू पाच वर्षांचा; त्याची उंच करणारी बैठक खांद्याच्या पट्ट्याशिवाय चालत नाही, म्हणून ती खिडकीशीच लागते. (मुलं साधारण पावणेपाच फूट होईपर्यंत ही बैठक लागते, नाहीतर पट्टा खांद्याऐवजी मानेवर येतो.) घरात बरीच चर्चा झाली. शेवटी ‘हे’ कल्याणहून रेल्वेनं नाशिकरोडला गेले. ज्येष्ठांची सवलत करोनात बंद झाल्यापासून पूर्ण तिकीट पडतं, हे त्यांनी चारदा ऐकवलं. ऐकून घेतलं.

साडीवर पट्टा लावायची एक पद्धत आहे. खालचा भाग पोटावर नको. निऱ्यांच्याही खाली, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवर, मांड्या सुरू होतात तिथे बसवायचा. आधी मागे सरून ताठ बसायचं, मग खालचा भाग खाली दाबायचा, मग खांद्याकडून ओढून ढील काढायची. पदर आणि शाल पट्ट्याच्या वर घ्यायची, खाली नाही. खांद्याचा भाग गळ्याला घासतो म्हणून काखेखालून घेऊ नका. मग तो बरगड्यांवर येतो आणि मोडतो त्या बरगड्या. कंबर दुखते म्हणून पाठीमागे मोठी उशी घेऊन पुढे सरकून बसलं तर धडकेत अंग पट्ट्याखालून घसरतं आणि पट्टा पोटात रुततो. साठीनंतर आपली हाडं ठिसूळ झालेली असतात, तेव्हा जोराच्या धडकेत पट्ट्यानंही बरगडी मोडू शकते, हे खरं आहे. पण ती भरून येते.

राहिला डोक्याचा टेकू. त्याचं काम मान टेकून झोपण्याचं नाही. शिळफाट्याच्या किंवा घोडबंदरच्या गर्दीत मागून कुणी ठोकलं की अंग सीटबरोबर पुढे ढकललं जातं आणि डोकं मागे राहतं. मान तिथे मोडपते. टेकू खाली बसवलेला असेल तर तो मानेमागे येतो, आणि डोकं त्याच्यावरून आणखी मागे कलतं. त्याचा वरचा काठ निदान कानाच्या वरच्या टोकाइतका हवा, डोक्याच्या माथ्याइतका असेल तर उत्तम. दांड्याच्या मुळाशी बटण असतं, ते दाबून वर ओढायचा आणि खट् आवाज येईपर्यंत बसवायचा. डोकं आणि टेकू यांत तीनचार बोटांहून जास्त अंतर नको, आणि इथे आपला अंबाडा आडवा येतो. प्रवासात मी आता खाली वेणी घालते. तो दातेरी मोठा चापही पर्समध्ये.

स्टीलचे डबे मांडीवर नकोत, मागच्या काचेखालच्या फळीवर तर मुळीच नकोत. डिकीत तळाशी, सीटच्या पाठीला लागून ठेवा. एक आणखी सांगते. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून परतताना घाटात मुलाला घाई करू नका. दुपारीच इगतपुरीच्या आधी डबा खाऊन घ्या.

कायदा काय म्हणतो, असं कुणी विचारतं. मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे, आणि नसेल तर १,००० रुपये दंड. चौदा वर्षांखालचं मूल बांधलेलं नसेल तरी तेवढाच. मिस्त्रींच्या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सगळ्या प्रवाशांसाठी हे जाहीर केलं, पण नियम त्याआधीपासूनच होता.

टॅक्सी मागवली तर सामान चढवण्याआधी मागचे खटके बघून घ्या. “मागे नाही लागत, मावशी” असं चालक म्हणतोच. “लागतो हो दादा, जरा कव्हर वर करा” एवढं म्हटलं की तो हात घालून काढून देतो. एकाच बाजूचा सापडला तर त्या बाजूला लहानाला बसवा आणि दुसऱ्याची वाट बघा. आणि मधल्या खटक्यात कडेचा पट्टा अडकवू नका; घुसतो कधीकधी, पण कमरेवर तिरका बसतो.