९८ टक्के... पण कशाचे?

माझ्या मामाचं इचलकरंजीला बेअरिंग आणि मागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मागच्या वर्षी गणपतीत गेलो होतो तेव्हा मोठ्या तोऱ्यात त्याला एक एक्सेल शीट करून दिलं. कुठला नग किती उरला की ऑर्डर टाकायची आणि किती टाकायची, हे शीट सांगणार. सप्लाय चेनवाल्या प्रोजेक्टवर दोन वर्षं काढली असल्याने आपल्याला यातलं सगळं कळतं असा माझा समज होता. मामाला एकच प्रश्न विचारला, "शंभरातल्या किती वेळा माल हजर पाहिजे?" तो म्हणाला, "अठ्ठ्याण्णव." झालं, ९८ टक्के टाकले आणि पुण्याची गाडी पकडली.

दसऱ्याच्या आधी कंपनीची रोखीची स्कीम येते. त्या वर्षी मामाला ती घेता आली नाही, कारण बँकेची कॅश क्रेडिट लिमिट भरलेली होती. मामा मला काही बोलला नाही. मामीनेच फोनवर सहज म्हणून सांगितलं की "तुझ्या त्या शीटपासून माडीवर खोकी ठेवायला जागा नाहीये." फोन ठेवल्यावर शीट उघडून बसलो.

तर त्यातला एकच नग घेऊ. एक साधं बेअरिंग, किंमत २५० रुपये. वर्षाला १२०० जातात, महिन्याला १००. वर्षभर खप साधारण सारखा, म्हणून उदाहरणाला बरं. ऑर्डर टाकल्यापासून माल यायला १५ दिवस लागतात. त्या १५ दिवसांत सरासरी ५० नग जातात, पण कधी ३० तर कधी ७०. म्हणजे प्रमाण विचलन २० धरायला हरकत नाही, आणि आलेख बराचसा घंटेसारखा दिसतो, म्हणजे नॉर्मल. एका ऑर्डरला ट्रान्स्पोर्ट, हमाली आणि मोजदाद धरून ६०० रुपये जातात. एक नग वर्षभर कपाटात पडून राहिला तर व्याज, गंज वगैरे धरून किमतीच्या २० टक्के, म्हणजे ५० रुपये.

किती मागवायचं याचं सूत्र फोर्ड हॅरिसने १९१३ सालीच दिलंय: दोन गुणिले ऑर्डरचा खर्च गुणिले वार्षिक खप, भागिले साठवणुकीचा खर्च, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. इथे ते येतं १७०. हे Q. आणि किती उरले की ऑर्डर टाकायची, ते R. मी काय केलं होतं? ९८ टक्क्यांसाठी नॉर्मल तक्त्यात z मिळतो २.०५. R = ५० + २.०५ × २० = ९१. शीट तयार!

आता हे ९८ टक्के कशाचे, ते बघा. याचा अर्थ, शंभर वेळा ऑर्डर टाकली तर ९८ वेळा माल येईपर्यंत कपाट रिकामं होणार नाही. मामा वर्षाला सात ऑर्डरी टाकतो. म्हणजे सात वर्षांतून एकदा तुटवडा! मामाच्या मनात हे नव्हतंच. त्याच्या डोळ्यासमोर गिऱ्हाईक होतं. शंभर नग मागितले गेले तर अठ्ठ्याण्णव हातात पडावेत, दोघांना "उद्या या" म्हटलं तरी चालेल, असं त्याचं म्हणणं. पहिल्याला सायकल सर्व्हिस लेव्हल म्हणतात, दुसऱ्याला फिल रेट. पुस्तकात मी दोन्ही वाचले होते, आणि तरीही तक्त्यात जो चटकन सापडतो तो घेऊन मोकळा झालो होतो.

फिल रेटचा हिशेब वेगळा आहे. एका ऑर्डरच्या फेऱ्यात Q नग विकले जातात, त्यातले २ टक्केच कमी पडायला हवेत. Q १७० असेल तर एका फेऱ्यात सरासरी ३.४ नगांचा तुटवडा चालेल. मग R असा शोधायचा की सरासरी तुटवडा बरोबर तेवढाच यावा. या सरासरी तुटवड्याला n म्हणू. एक्सेलमध्ये तो असा मिळतो (s म्हणजे आपले २०):

```
n = s*(NORM.S.DIST(z,FALSE) - z*(1-NORM.S.DIST(z,TRUE)))
```

गोल सीकला सांगायचं की n ३.४ कर आणि z बदल. z आला ०.६. म्हणजे R झाला ६२! कुठे ९१ आणि कुठे ६२. जवळजवळ ३० नग, २५० रुपयांनी साडेसात हजार. या वजनाचे चाळीसेक नग तरी शीटमध्ये होते... तीन लाख रुपये मी माडीवर खोक्यांत कोंडून ठेवले होते.

इथे थांबलो असतो तरी मामाचं काम झालं असतं. पण नीट बघितलं तर एक गोष्ट खटकते. R काढताना मी Q वापरला, कारण २ टक्के हे Q चेच २ टक्के. पण Q काढताना R चा विचार कुठेच केला नाही. खरं तर Q थोडा मोठा केला तर वर्षातल्या ऑर्डरी कमी होतात, म्हणजे कपाट रिकामं व्हायचे प्रसंगच कमी येतात. मग दर प्रसंगी थोडा जास्त तुटवडा चालतो आणि R खाली आणता येतो. म्हणजे Q वाढवण्याचा एक फायदा हॅरिसच्या सूत्रात धरलेलाच नाही. दोन्ही एकत्रच सोडवायला हवेत. एकूण खर्च लिहून, फिल रेटची अट घालून डेरिव्हेटिव्ह शून्य केला की हे मिळतं (इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं गणित आहे, करून बघा):

```
r = n / (1 - F)
Q = r + sqrt(r*r + 2*K*D/h)
```

यात F म्हणजे १५ दिवसांतली मागणी R च्या आत राहण्याची शक्यता, K ऑर्डरचा खर्च, D वार्षिक खप, h साठवणुकीचा खर्च. मला यातला r फार आवडला. सरासरी तुटवडा भागिले तुटवडा पडण्याची शक्यता, म्हणजेच तुटवडा पडलाच तर सरासरी किती नग कमी पडतील. बाकी वर्गमुळाखाली हॅरिसच बसलाय.

आता फेऱ्या मारायच्या. Q १७०, z ०.६, तुटवड्याची शक्यता साधारण ०.२८, त्यामुळे r होतो १२.३. सूत्रात टाकला की नवा Q १८३ येतो. त्याचे २ टक्के ३.६५, त्यावरून z ०.५५ आणि R ६१. पुन्हा r काढला तर १२.५, आणि Q पुन्हा १८३. दोन फेऱ्यांत गाडी थांबली. उत्तर पटतंय का ते पाहायला उलटा हिशेब केला: वर्षाला साडेसहा ऑर्डरी, त्यातल्या २९ टक्क्यांत तुटवडा, म्हणजे वर्षातून दोनदा, दर वेळी साडेबारा नग. एकूण पंचवीसेक. १२०० चे २ टक्के २४. जमलं!

मामाला हेच फोनवर सांगितलं. टक्के वगैरे काही नाही, "वर्षातून दोनदा बारा-बारा नगांना नाही म्हणावं लागेल." तो म्हणाला, "एवढंच ना? चालतंय की." हा प्रश्न मी गणपतीतच असा विचारायला हवा होता.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर, या बेअरिंगवर एकत्र सोडवून वर्षाला वाचतात साधारण २५ रुपये. हो, पंचवीस. वेगवेगळं काढलेलं उत्तर इथे जवळजवळ तितकंच चांगलं होतं. फरक कुठे पडतो? जिथे मागणीची अनिश्चितता Q च्या तोडीची असते तिथे. मामाकडे परदेशी मागांचा एक सेन्सर आहे, दोन हजारांचा, महिन्याला ३० जातात आणि मुंबईच्या व्यापाऱ्याकडून यायला तीन महिने लागतात. त्या तीन महिन्यांत सरासरी ९०, विचलन ३०. हॅरिस म्हणतो ३३ मागवा, त्यावर R येतो १३९. एकत्र सोडवलं तर Q ४९ आणि R १३४. Q जवळजवळ दीडपट! वर्षाला हजारेक रुपये वाचतात, एका नगावर.

याच सेन्सरने माझा एक बग पण दाखवला. R १३४ आणि Q ४९, म्हणजे वाटेत एका वेळी एक-दोन ऑर्डरी असणारच. माझं शीट फक्त कपाटातले नग R शी ताडून पाहत होतं. कपाटात १३४ कधी नसतातच, त्यामुळे ते रोज लाल होऊन "ऑर्डर टाका" म्हणत होतं. मामाने शहाणपणाने तिकडे दुर्लक्ष केलं होतं. कपाटातले, अधिक वाटेतले, वजा गिऱ्हाइकांचे देणं असलेले, या बेरजेशी R ताडायचा असतो. एका कॉलमचं काम होतं, केलं.

नवे आकडे नोव्हेंबरपासून सुरू झाले आणि माडी हळूहळू रिकामी झाली. मामाकडे एक वही आहे, मागितलेला माल नसला की तो त्यात लिहितो. विक्रीच्या बिलांत हे कधीच दिसत नाही. जो नग नव्हता त्याचं बिल कुठून असणार? फिल रेट खरा किती पडतोय ते त्या वहीतूनच कळतं. मे महिन्यात वही आणि बिलं घेऊन बसलो, तर बेअरिंगचा फिल रेट ९७ च्या आसपास. एक टक्का गेला कुठे?

कारण गणितात एकेक नग विकला जातो आणि शिल्लक बरोबर ६१ वर आली की ऑर्डर जाते. दुकानात कारखान्याचा फिटर येतो आणि एकदम दहा-बारा उचलतो. शिल्लक ६५ वरून थेट ५३. मामाच्या जुन्या ऑर्डरी पाहिल्या तर ऑर्डर जाताना शिल्लक सरासरी ५५ असायची. ५५ ला z उरतो पाव, आणि सूत्रात घातलं तर फिल रेट येतो बरोबर ९७. घसरण सरासरी ६ ची होती, म्हणून R ६१ चा ६७ केला. Q तसाच ठेवला.

परवा मामाचा फोन होता. यंदाच्या स्कीमला पैसे आहेत का विचारलं, तर म्हणाला, "आहेत. पण स्कीममध्ये दोनशेच्या खाली देत नाहीत. मग आता तुझा तो आकडा कितीवर न्यायचा?" Q दोनशे पक्का धरून R काढला. २ टक्क्यांचे ४ नग, त्यावरून z साधारण अर्धा, R ६० आणि वर घसरणीचे ६. त्याला सांगितलं, सहासष्ट.