थांबायला शिकलेलं सिंक

महिनाअखेरीची रात्र होती. पुण्यातल्या आमच्या औषध वितरकाच्या कार्यालयात दिवसभर घेतलेल्या ऑर्डरी भिवंडीच्या गोदामातल्या सर्व्हरवर पोहोचवणं हे माझ्या सिंकचं काम. सव्वाबाराच्या सुमारास गोदामाची सिस्टीम सांभाळणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. आवाज दमलेला होता. "सर, तुमचं सिंक आधी बंद करा. त्याशिवाय माझा सर्व्हर उठणार नाही. तीन वेळा चालू केला, तीनही वेळा पाच मिनिटांत झोपला."

मी आठही वर्कर थांबवले. थोड्याच वेळात त्यांचा निरोप आला, सर्व्हर उभा राहिला होता. मूळ बिघाड त्यांच्याकडचा, पण तो संपल्यावरही सर्व्हरला उठू देत नव्हतं ते माझं सिंक.

दुसऱ्या दिवशी लॉग उघडून बसलो. एरवी आम्ही सेकंदाला दोन-तीन विनंत्या पाठवायचो. ऑर्डर नाकारली गेली की वर्कर दोन सेकंद थांबायचा आणि पुन्हा पाठवायचा, असे एकूण पाच प्रयत्न. हे मी स्वतः लिहिलेलं. पण त्याखालची एचटीटीपी लायब्ररी प्रत्येक प्रयत्नात न थांबता तीनदा धडका देते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे एका ऑर्डरीमागे पंधरा विनंत्या. आठ वर्कर मिळून सेकंदाला बारा. चालू सर्व्हरला हा आकडा मोठा नाही. पण नुकताच उठलेला सर्व्हर मंद असतो, त्याची कॅशे रिकामी असते, आणि प्रत्येक ऑर्डरीला बॅचनिहाय साठा वजा करावा लागतो. त्याचे डेटाबेसचे कनेक्शन आमच्याच विनंत्यांनी भरून जायचे आणि तो पुन्हा बसायचा.

त्याहून मनाला लागली ती दुसरी गोष्ट. पाच प्रयत्न संपले की ऑर्डरीवर `failed` असा शिक्का बसायचा आणि वर्कर पुढच्या ऑर्डरीकडे वळायचा. अर्ध्या तासात हजारावर ऑर्डरींवर असा शिक्का बसला होता. त्यातल्या एकीतही चूक नव्हती. गोदामाचं दार बंद होतं आणि दोष आम्ही चिठ्ठीला देत होतो. सकाळी त्या सगळ्या हाताने रांगेत परत लावल्या, तेव्हा त्यातल्या काही दोनदा नोंदल्या गेल्या. टाइमआउट झाला म्हणजे नोंद झाली नाही, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात नोंद झाली होती, फक्त उत्तर वेळेत आलं नव्हतं. म्हणून गोदामाच्या बाजूने आमचा ऑर्डर क्रमांक एकमेव ठेवायचं ठरलं. तोच क्रमांक परत आला तर नवी नोंद न करता जुनीच परत द्यायची. हे झाल्याशिवाय कुठलाही पुनर्प्रयत्न सुरक्षित नव्हता.

मग सर्किट ब्रेकर लिहायला घेतला. ही पद्धत मायकेल नायगार्ड यांच्या 2007 सालच्या 'रिलीज इट!' या पुस्तकामुळे सर्वत्र पोहोचली, आणि कल्पना घरातल्या एमसीबीचीच आहे. बिघाड दिसला की खटका पाडायचा. मात्र इथला खटका थोड्या वेळाने स्वतःच चाचपणी करतो आणि सगळं ठीक असेल तर वर होतो. नावांनी मात्र आम्हाला सुरुवातीला गोंधळात टाकलं. विजेच्या भाषेत सर्किट 'क्लोज्ड' म्हणजे प्रवाह चालू. आपल्याकडे नळ बंद म्हणजे पाणी बंद. एका सहकाऱ्याने पडद्यावर 'ओपन' वाचून सिंक सुरळीत चाललंय असा समज करून घेतला. तेव्हापासून कोडमध्ये `open` ठेवलं, पण पडद्यावर 'चालू', 'थांबलंय' आणि 'चाचपणी' असे तीन शब्द लिहिले.

खरा विचार करावा लागला तो अपयश कशाला म्हणायचं, हे ठरवताना. कनेक्शन नाकारलं जाणं, टाइमआउट आणि 500 आणि त्यापुढची उत्तरं, ही गोदाम आजारी असल्याची लक्षणं. ती ब्रेकरच्या खात्यात जातात, ऑर्डरीच्या खात्यात नाही. 422 म्हणजे त्या एका ऑर्डरीत चूक आहे. ती बाजूला काढायची, पण ब्रेकरला हात लावायचा नाही. नाहीतर एखाद्या दुकानाने चुकीच्या कोडने वीस ऑर्डरी टाकल्या तर सगळ्या महाराष्ट्राचं सिंक थांबायचं. शेवटच्या वीस विनंत्यांपैकी दहा पहिल्या प्रकारच्या निघाल्या की खटका पडतो. तो पडला की हातातली ऑर्डर जशीच्या तशी रांगेत परत जाते, तिचा एकही प्रयत्न मोजला जात नाही. लायब्ररीच्या धडकाही मी बंद केल्या. पुनर्प्रयत्नाचा निर्णय एकाच जागी हवा.

पहिल्या चाचणीत माझी चूक उघडी पडली. ब्रेकरची स्थिती मी प्रत्येक वर्करच्या मेमरीत ठेवली होती. त्यामुळे आठ वर्करांचे आठ ब्रेकर झाले, आणि थांबण्याचा वेळ संपताच आठही जण एकदम चाचपणीला धावले. मग स्थिती पोस्टग्रेसच्या एका ओळीत आणली आणि चाचपणीचा हक्क असा वाटला:

```sql
UPDATE sync_breaker
   SET retry_at = now() + interval '2 minutes'
 WHERE name = 'godown'
   AND state = 'open'
   AND retry_at <= now();
```

ज्या वर्करला एक ओळ बदलल्याचं उत्तर मिळतं, तोच चाचपणी करतो. बाकीच्यांना शून्य मिळतं आणि ते थांबून राहतात. वेळ आधीच दोन मिनिटं पुढे ढकलल्यामुळे चाचपणी करणारा वर्कर मध्येच बंद पडला तरी हक्क अडकून राहत नाही, नंतर दुसरा कोणीतरी तो घेतो.

चाचपणीसाठी मी आधी त्यांचा `/health` हा पत्ता वापरत होतो. तो 200 म्हणायचा, कारण वेब सर्व्हर जागा असायचा, पण त्यामागचा डेटाबेस लिहून घेत नसायचा. आता रांगेतली सर्वांत जुनी खरी ऑर्डरच पाठवतो. ती नोंदली गेली तरच दार उघडलं. नाही गेली तर पुढची चाचपणी एक, दोन, चार मिनिटांनी, आणि नंतर दर पाच मिनिटांनी. दार उघडल्यावरही आठ वर्कर एकदम सोडत नाही. आधी एक, तो मिनिटभर नीट चालला की दोन, मग चार, मग आठ.

एक उणीव महिनाभराने कळली. आमच्या टोकनची मुदत संपली, 401 येऊ लागले, आणि तेही मी ब्रेकरच्याच खात्यात धरले होते. ब्रेकरने इमानाने सिंक थांबवलं, पाच-पाच मिनिटांनी चाचपणी केली, आणि कोणालाच काही कळलं नाही. वाट पाहून टोकन नवं होत नसतं. आता 401 ला खटका लगेच पडतो आणि माणसाला फोन जातो. त्याशिवाय रांगेतली सर्वांत जुनी ऑर्डर किती मिनिटांची आहे, हे एक घड्याळ सतत मोजत असतं. वीस मिनिटं ओलांडली की कारण काहीही असो, फोन वाजतो.

मध्यंतरी एका रविवारी दुपारी तो वाजला. जुनी ऑर्डर एकवीस मिनिटांची, पडद्यावर 'थांबलंय'. मी भिवंडीला फोन लावला आणि सवयीने विचारलं, "सिंक बंद करू का?" ते म्हणाले, "नको सर, तुमच्याकडून पाच मिनिटांनी एकच ऑर्डर येतेय. तीच बघत बसलोय. ती आत आली की समजेन, काम झालं." पन्नास मिनिटांनी ती आत गेली. त्या दिवशी `failed` शिक्का बसलेली ऑर्डर एकही नव्हती.