स्वल्पविरामापर्यंत

गाळलेल्या जागांचे प्रश्न मी स्वतः काढतो, गाईडमधून उचलत नाही. बारावीच्या आणि भरतीच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या भागातल्या बहुतेकांना हे ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असावं अशी माझीही इच्छा असते. 'ऑल्दो', 'डिस्पाइट' आणि 'इन स्पाइट ऑफ' या तिघांवरचा माझा कागद घोडेगावहून मंचर, नारायणगाव, ओतूरपर्यंत झेरॉक्स होत गेला. वरचं नाव झाकून कोणी तो वाटला की मला राग यायचा आणि मनातून बरंही वाटायचं. गेल्या पावसाळ्यात तो कागद मी मोडला आणि नव्यानं लिहायला घेतला. भीमाशंकरच्या बाजूच्या एका वाडीतून येणाऱ्या मुलीनं एका प्रश्नाचं उत्तर ज्या वाटेनं काढलं, ती वाट माझ्या कागदात नव्हती.

नियम एवढाच: 'ऑल्दो'पुढे वाक्य, बाकी दोघांपुढे नाम. 'डिस्पाइट'ला 'ऑफ' चिकटवायचा नाही, आणि जरी-तरीच्या सवयीनं 'ऑल्दो'च्या जोडीला 'बट' आणायचा नाही. इथवर सगळेच शिकवतात आणि मुलंही इथवर येतात. माझं अडलंय ते पुढे. समोरचा तुकडा वाक्य आहे की नाम, हे ओळखायचं कशावरून?

झटपट युक्त्या शिकवणारे क्लास सांगतात, रिकाम्या जागेनंतरचे चार शब्द बघा. कर्ता आणि क्रियापद दिसलं की 'ऑल्दो' टाका आणि पुढे चला. मुलांना ते आवडतं याचं मला नवल वाटत नाही. २०२३च्या तलाठी भरतीत दोन तासांत १०० प्रश्न होते, त्यांतले २५ इंग्रजीचे. प्रश्नाला मिनिट-सव्वा मिनिट मिळत असेल तर चार शब्दांपलीकडे बघायला सांगणारा मास्तर मुलांना वेळखाऊ वाटणारच. पण ही युक्ती सोप्या प्रश्नांतच चालते, आणि सोप्या प्रश्नांना युक्तीची गरज नसते. '____ इट रेन्ड हेविली' आणि '____ द हेवी रेन' यांतला फरक ज्याला दिसत नाही, त्याला चार शब्द मोजूनही दिसणार नाही.

मी नेहमी टाकत आलो तो प्रश्न असा आहे: '____ द मनी ही स्पेन्ट ऑन द वेल, ही फाउंड नो वॉटर.' विहिरीवर पैसा घातला, पाणी लागलं नाही. आमच्याकडे हे वाक्य कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण 'ही स्पेन्ट' दिसलं की वर्गातले निम्म्याहून जास्त हात 'ऑल्दो'वर जातात. कर्ता आहे, क्रियापद आहे, मग आणखी काय हवं? उत्तर 'डिस्पाइट' आहे. 'ही स्पेन्ट ऑन द वेल' हा भाग कोणता पैसा ते सांगतो. इंग्रजीत तिथे 'दॅट' असतो, तो गाळता येतो, आणि तो गाळला की एक अख्खं उपवाक्य नामाच्या पाठीमागे लपून बसतं. मुलं चुकली की मी क्षणभर थांबायचो आणि मग फळ्याकडे वळायचो. त्या क्षणाची मला चटक लागली होती, हे कबूल करायला हवं. सापळा मी लावलेला असायचा आणि तो उलगडणाराही मीच असायचो.

त्यानंतर मी फळ्यावर लांबलचक पृथक्करण करायचो. मुख्य वाक्य, गौण वाक्य, गाळलेला 'दॅट', त्याखाली रेघा. पृथक्करण बरोबर होतं, आजही आहे. पण परीक्षेत ते कोणी करत नाही.

वाडीतून येणाऱ्या त्या मुलीनं या प्रश्नात 'डिस्पाइट'वर खूण केली होती. आवणीचे दिवस होते, वर्गात मोजकीच मुलं. मी विचारलं, "का गं, 'ही स्पेन्ट' दिसलं नाही का?" ती म्हणाली, "दिसलं सर. पण स्वल्पविरामापर्यंत मराठीत म्हटलं तर 'त्यानं विहिरीवर घातलेला पैसा' असं होतं. पुढं काहीच होत नाही. 'पैसा घातला' असं असतं तर ऑल्दो टाकलं असतं."

घातला आणि घातलेला. मी इतकी वर्षं इंग्रजीतल्या गाळलेल्या 'दॅट'मागे धावत होतो आणि ही मुलगी एका 'ले'वर उभी होती. इंग्रजी वाक्यात नाम आधी येतं आणि त्याचं वर्णन मागून येतं, म्हणून क्रियापद नामानंतर दिसतं आणि तुकडा वाक्यासारखा वाटतो. मराठीत वर्णन आधी येतं आणि तुकड्याच्या शेवटी नाम येऊन बसतं. स्वल्पविरामाशी पोहोचेपर्यंत तोंडात शेवटचा शब्द 'पैसा' असतो. नामावर थांबलात तर 'डिस्पाइट', क्रियापदावर थांबलात तर 'ऑल्दो'. माझ्या रेघांतून जे निघायचं तेच तिला एका दमात मिळत होतं. मला आनंद झाला, आणि तो कागद तिच्याआधी मी काढलेला असताना ही गोष्ट तिच्या तोंडून यावी याचा हेवाही वाटला. तो हेवा बरेच दिवस राहिला.

मग ती कसोटी मी माझ्याच प्रश्नांवर घासून पाहू लागलो. '____ द डॅम बिल्ट ॲट डिंभे, सम व्हिलेजेस बाय द वॉटर आर ड्राय इन समर.' इथे 'बिल्ट' मुलांना पक्कं क्रियापद वाटतं, कारण भूतकाळ आणि कर्मणी धातुसाधित यांचं रूप एकच आहे. मराठीत 'डिंभ्याला बांधलेलं धरण' असं म्हणताच ते नामावर येऊन थांबतं. 'धरणानं बांधलं' असं कोणीच म्हणणार नाही. उत्तर 'डिस्पाइट'. तसंच '____ द फॅक्ट दॅट इट रेन्ड' याचं. त्यात 'इट रेन्ड' हे पूर्ण वाक्य असलं तरी मराठीत 'पाऊस पडला ही गोष्ट' असं होतं आणि शेवटी 'गोष्ट' हे नामच उरतं. '____ व्हॉट द डॉक्टर सेड' म्हणजे 'डॉक्टरांनी सांगितलेलं'. इथेही 'लेलं' आहे, आणि या वेळी नामाचं कामही तेच करतं.

कसोटी अडली ती नारायणगावच्या टोमॅटोंवर. '____ द टोमॅटोज सोल्ड ॲट नारायणगाव, द फार्मर हॅड नो मनी फॉर डिझेल.' एका मुलानं वाचलं 'नारायणगावला टोमॅटो विकले गेले', दुसऱ्यानं वाचलं 'नारायणगावला विकलेले टोमॅटो'. पहिल्याचं 'ऑल्दो', दुसऱ्याचं 'डिस्पाइट', आणि दोघंही बरोबर. 'सेल' हे इंग्रजीत मालाचंही क्रियापद होतं, माल स्वतः 'विकतो', आणि त्याचं भूतकाळी रूप नि धातुसाधित दोन्ही 'सोल्ड'च. वाक्यात दुसरा कसलाही आधार नाही. मराठीला 'विकले' की 'विकलेले' हे ठरवल्याशिवाय बोलताच येत नाही. इंग्रजी ते न ठरवता बोलते आणि ठरवणं वाचणाऱ्यावर सोडते. क्रियापद बदललं की प्रश्न लगेच सरळ होतो. 'ग्रू' आणि 'ग्रोन' ही वेगवेगळी रूपं आहेत, त्यामुळे 'द टोमॅटोज ग्रू वेल' म्हटलं की 'ऑल्दो', 'द टोमॅटोज ग्रोन इन द व्हॅली' म्हटलं की 'डिस्पाइट', आणि वादाला जागा राहत नाही. प्रश्न काढणाऱ्यानं रूप वेगळं असलेलं क्रियापद निवडावं, एवढं तर त्याच्या हातात असतं. अशी दोन्हीकडून बरोबर येणारी वाक्यं विकतच्या संचांत मी पाहिली आहेत, मागच्या पानावर एकच उत्तर छापून. मुलं ते उत्तर पाठ करतात आणि चुकीचं कारण त्यांच्या डोक्यात कायमचं राहतं. यावर माझं मत कडक आहे. दोन उत्तरं शक्य असलेला प्रश्न काढणं ही आळशी माणसाची कामगिरी आहे.

दुसरी अडचण जास्त नाजूक निघाली. '____ टायर्ड, शी वॉक्ड टू द स्टँड.' मुलं म्हणाली, 'दमलेली', म्हणजे 'लेली' आली, म्हणजे 'डिस्पाइट'. उत्तर 'ऑल्दो' आहे. 'शी वॉज' गाळलं गेलंय आणि वाक्य आखडून एका विशेषणावर आलंय. इथे त्या मुलीची 'स्वल्पविरामापर्यंत' ही अटच उपयोगी पडली. दमलेली कोण, हे स्वल्पविरामाच्या आत कुठेच नाही. ती आहे पलीकडे, 'शी'मध्ये. 'घातलेला पैसा' यात पैसा आतच आहे. म्हणजे नुसतं 'लेला' दिसून भागत नाही, त्याचं नाम त्याच तुकड्यात सापडायला हवं, नाहीतर 'सांगितलेलं'सारखं त्यानंच नामाचं काम करायला हवं. आणि त्याच जागी 'बीइंग टायर्ड' आलं की 'दमलेली असणं' असं नाम तयार होतं, मग 'डिस्पाइट' चालतं, 'इन स्पाइट ऑफ'ही चालतं. एका 'बीइंग'नं सारं उलटतं. म्हणून ही दोन वाक्यं मी आता एकाखाली एक देतो.

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, मराठी मध्ये आणू नका, असं प्रशिक्षणांमधून आम्हाला सांगितलं गेलं. आमच्या आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, हे सांगताना मी पूर्वी आवाज थोडा खाली आणायचो. आता आणत नाही. बोलायला शिकवताना मराठी बाजूला ठेवावी, हे मला पटतं. पण वाक्याची घडण ओळखायची असेल तर मुलाच्या हाताशी जी भाषा आहे ती इंग्रजीत न दिसणारी गोष्ट दाखवते, आणि आमच्या वाड्यांवरच्या मुलांच्या हाताशी ती बळकट आहे. इंग्रजी माध्यमातून आलेली काही मुलं 'विहिरीवर घातलेला पैसा' म्हणताना अडखळतात. त्यांच्यासाठी मला माझ्या जुन्या रेघांकडेच जावं लागतं. तिथे 'ही स्पेन्ट'च्या आधी 'दॅट' घालून बघा म्हणतो. तो बसला तर 'डिस्पाइट'.

या कसोटीला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. पण 'इन स्पाइट ऑफ वापरून वाक्य पुन्हा लिहा' या बारावीच्या प्रश्नात तिचा उपयोग उलट्या दिशेनं होतो. 'ऑल्दो ही स्पेन्ट मनी' मधला 'घातला' काढून 'घातलेला' करायचा, म्हणजे 'इन स्पाइट ऑफ द मनी ही स्पेन्ट' आपोआप तयार होतं, आणि मुलं 'इन स्पाइट ऑफ ही स्पेन्ट मनी' असं लिहायची थांबतात. निदान माझ्या वर्गातली बरीचशी थांबली.

नव्या कागदावर विहिरीचा प्रश्न पहिला आहे, पण पूर्वीसारखा एकटा नाही. त्याखाली '____ ही स्पेन्ट मनी ऑन द वेल' हे वाक्यही आहे, आणि दोन्ही मराठीत म्हणून दाखवल्याशिवाय मी खूण करू देत नाही. फळ्याकडे वळण्याआधीचा माझा तो क्षण त्यामुळे गेला. नारायणगावच्या टोमॅटोंचं वाक्य मी काढून टाकलेलं नाही, शेवटच्या पानावर ठेवलंय. त्याला पर्याय नाहीत, खूण करायची चौकट नाही. खाली दोन ओळी मोकळ्या आहेत. एकीवर 'विकले' धरून उत्तर लिहायचं, दुसरीवर 'विकलेले' धरून.