फंडातला वाढावा

बी.कॉम.च्या वर्गात आयुर्विम्याचा धडा सुरू झाला की पहिल्याच तासाला एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, फंड एवढा वाढला, मंग कंपनीला नफा किती झाला?" साकोली, लाखनी, पवनीकडून रोज एसटीने येणारी ही मुलं आधीच्या सत्रात व्यापारी संस्थेचे हिशेब शिकून आलेली असतात. तिथे उत्पन्नातून खर्च वजा केला की नफा मिळतो. आयुर्विमा कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या रेव्हेन्यू अकाउंटमध्ये मात्र वर्षारंभीच्या फंडात हप्ते आणि व्याज मिळवायचं, त्यातून दावे, सरेंडर, कमिशन आणि व्यवस्थापन खर्च वजा करायचा, आणि खाली उरतो तो वर्षअखेरचा फंड. नफा नावाची ओळच तिथे येत नाही.

ती का येत नाही, हे नीट समजल्याशिवाय मी पुढचं गणित फळ्यावर मांडत नाही. आमचा जिल्हा धानाचा आहे, म्हणून उदाहरणही धानाचंच देतो. दिवाळीनंतर चुरणी झाली की कोठी भरते, पण भरलेली कोठी म्हणजे शेतकऱ्याची कमाई नव्हे. त्यातलं बियाणं पुढच्या हंगामाचं, काही पोती मजुरीची, काही विकून सोसायटीचं कर्ज फेडायचं. हे सगळं बाजूला काढल्यावर उरेल ते त्याचं. विमा कंपनीचा फंड असाच भरलेला असतो, फरक एवढाच की तिची देणी वीस-पंचवीस वर्षं पुढे पसरलेली असतात, आणि त्यांतलं कुठलं नेमकं कधी उभं राहील हे कुणालाच ठाऊक नसतं.

ही पुढची देणी आजच्या रुपयांत मोजण्याचं काम ॲक्च्युअरीचं. सगळ्या चालू पॉलिसींची विमा रक्कम आणि त्यावर आजवर जाहीर झालेला बोनस पुढे केव्हा केव्हा द्यावा लागेल याचा अंदाज तो मृत्युदराच्या कोष्टकावरून बांधतो आणि त्याची आजची किंमत काढतो. पुढे येणाऱ्या हप्त्यांचीही तशीच आजची किंमत काढून पहिल्यातून वजा करतो. राहते ते निव्वळ दायित्व. परीक्षेच्या प्रश्नात ते तयार आकड्याच्या रूपात दिलेलं असतं, त्यामुळे मुलांना ते दगडावर कोरलेलं वाटतं. म्हणून एक छोटा हिशेब मी त्यांच्याकडूनच करून घेतो. वीस वर्षांनी १ लाख रुपये द्यायचे आहेत, तर आज किती बाजूला ठेवावे लागतील? व्याजदर ६ टक्के धरला तर साधारण ३१,१८० रुपये. ५ टक्के धरला तर ३७,६९०. दर फक्त एका टक्क्याने खाली आला, आणि एकाच देण्यामागे साडेसहा हजार रुपये दायित्व वाढलं. फंड तोच असला तर वाढावा तेवढाच घटला. वाढाव्याचा आकडा हा असा गृहीतकांवर उभा असतो. प्रत्यक्षात मृत्यू अंदाजापेक्षा कमी झाले, गुंतवणुकीवर व्याज जास्त मिळालं किंवा खर्च कमी आला, तरच तो निघतो.

मूल्यांकन ताळेबंद त्यामानाने अगदी साधा दिसतो. उजवीकडे फंड, डावीकडे निव्वळ दायित्व, आणि दोन्ही बाजू जुळवणारा फरक म्हणजे वाढावा. दायित्व फंडापेक्षा मोठं निघालं तर फरक उजवीकडे जातो आणि त्याला तूट म्हणतात. या चार ओळींच्या तक्त्यामागे कायदा मात्र कडक आहे. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४९ ने असं बंधन घातलं की मूल्यांकन ताळेबंदात वाढावा दिसला तरच त्यातून लाभांश किंवा बोनस देता येईल. फंडाच्या उरलेल्या रकमेला त्यासाठी हात लावायचा नाही. फंड फुगलेला दिसला म्हणून भागधारकांनी तो वाटून घेऊ नये, यासाठी ती तटबंदी आहे.

आता एक पूर्ण उदाहरण. आकडे माझेच आहेत, सगळे लाख रुपयांत. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे फंड ८,४१२ आहे, पण काही गोष्टी नोंदवायच्या राहून गेल्या आहेत: कळवलेले पण न दिलेले दावे ६५, त्यांपैकी पुनर्विम्यातून वसूल होणारे १८, येणे हप्ते २५, येणे व्याज १०, आणि हप्त्यात वळता केलेला बोनस ६. दावे वजा करायचे, पुनर्विम्याची वसुली, हप्ते आणि व्याज मिळवायचं. खरा फंड येतो ८,४००.

हप्त्यात वळता केलेल्या बोनसच्या या ६ लाखांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. बोनस म्हटलं की मुलांचं पेन आपोआप वजाबाकीकडे वळतं. पण इथे झालंय काय? पॉलिसीधारकाने पूर्ण हप्ता भरायचा होता, त्याने आपला बोनस त्यात वळता करून घेतला आणि उरलेली रक्कम रोख भरली. कंपनीच्या खात्यात हप्त्याचं उत्पन्न पूर्ण दिसायला हवं, म्हणजे त्यात ६ मिळवायचे, आणि बोनस खर्चात दिसायला हवा, म्हणजे तिथेही ६. दोन्हीकडे सारखीच रक्कम गेल्यामुळे फंड हलत नाही. उत्तरपत्रिकेत फंड ८,३९४ आला असेल तर चूक कुठे झाली हे शोधायला मला पुढची पानं उलटावी लागत नाहीत.

निव्वळ दायित्व ७,६४० दिलं आहे, तर ताळेबंदातला वाढावा ७६०. आणि प्रश्नात शेवटी एक ओळ असते: मूल्यांकनाच्या काळात ४० लाख अंतरिम बोनस दिला, वाढाव्याचे ९५ टक्के पॉलिसीधारकांचे.

अंतरिम बोनस कुणाला मिळतो? दोन मूल्यांकनांच्या मधल्या काळात ज्यांची पॉलिसी पूर्ण झाली किंवा ज्यांचा मृत्यू झाला, त्यांना. ते पुढच्या घोषणेची वाट पाहत थांबू शकत नाहीत, म्हणून त्यांचा वाटा आगाऊ दिला जातो. दर वर्षी वर्गातून कुणीतरी विचारतंच, "सर, तो तर देऊन झाला ना, मंग पुन्हा काऊन मिळवाचा?" प्रश्न रास्त आहे. दिला म्हणूनच तो रेव्हेन्यू अकाउंटमध्ये खर्ची पडला, आणि फंड त्या ४० लाखांनी आधीच कमी झाला. म्हणजे ७६० हा आकडा एका पक्षाने थोडी उचल घेतल्यानंतरचा आहे. वाटणी मात्र पूर्ण वाढाव्याची करायची, म्हणून उचल परत मिळवली की ८०० होतात. त्याचे ९५ टक्के ७६० पॉलिसीधारकांचे, ५ टक्के ४० भागधारकांचे. पॉलिसीधारकांच्या ७६० मधून दिलेले ४० वजा केले की आता द्यायचे ७२०.

पडताळा असा: ७२० आणि ४० मिळून ७६०, ताळेबंदात दिसणारा वाढावा तेवढाच आहे. ज्याने ८०० चे ९५ टक्के काढून उचल वजा केली नाही, त्याच्याकडे ७६० आणि ४० मिळून ८०० होतात, आणि कंपनीजवळ वाटायला नसलेले ४० लाख तो वाटून बसतो. ही चूक बेरीज केली की उघडी पडते. दुसरी चूक लपून राहते. काही जण उचल न मिळवता सरळ ७६० चेच ९५ टक्के काढतात: ७२२ आणि ३८. बेरीज जुळते, म्हणून विद्यार्थी निश्चिंत होतो. पण पॉलिसीधारकांना आधीच्या ४० सह एकूण ७६२ गेले, म्हणजे ८०० पैकी ९५ टक्क्यांहून जास्त, आणि भागधारकांचे २ लाख कमी झाले. पॉलिसीधारकांची उचल दोघांच्या सामाईक पैशांतून गेली, तर ती जायला हवी होती त्यांच्या स्वतःच्या वाट्यातून. म्हणून मी बेरजेवर थांबू देत नाही. अंतरिम बोनस धरून दोघांचे वाटे ९५ ला ५ या प्रमाणात आहेत का, हेही तपासायला लावतो.

भागधारकांच्या या छोट्या वाट्याने एकदा फार मोठा व्यवहार ठरवला आहे. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघाला आणि देशातल्या २४५ विमा संस्थांचं व्यवस्थापन सरकारने हाती घेतलं. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. १८७४ साली मुंबईत निघालेली ओरिएंटल त्यात होती, तशीच १९१३ साली साताऱ्यात उभी राहिलेली वेस्टर्न इंडियाही. १ सप्टेंबरला एलआयसी स्थापन झाली. मग जुन्या मालकांना भरपाई किती द्यायची? भागभांडवल असलेल्या कंपन्यांसाठी एलआयसी कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मूळ आधार धरला तो ॲक्च्युअरीच्या अहवालातला: वाढाव्यातून भागधारकांसाठी काढलेल्या वाट्याची वार्षिक सरासरी, आणि तिची २० पट. इमारती, रोखे, फंडाचा आकार यांतलं काही त्या सूत्राचं मूळ नव्हतं. कंपनीत मालकाचं म्हणून काय आहे, याचं उत्तर मूल्यांकन ताळेबंदातूनच घेतलं गेलं. हे सांगितलं की वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलंही वर बघतात.

त्याच कायद्याच्या कलम २८ ने एलआयसीच्या वाढाव्याचे किमान ९५ टक्के पॉलिसीधारकांना आणि उरलेले केंद्र सरकारला असं ठरवलं. आमच्या पाठ्यपुस्तकांतले ९५ तिथून आले, आणि दशकानुदशकं ते इतके रुळले की प्रश्नात प्रमाण नसलं तरी मुलं तेच घेत आली. आता तसं चालणार नाही. खासगी कंपन्यांना २००२ च्या विनियमांनी मर्यादा घातली: नफ्यात सहभागी पॉलिसींच्या वाढाव्यातून पॉलिसीधारकांना जे दिलं, त्याच्या नवव्या भागापेक्षा जास्त भागधारकांना नाही. २०२१ मध्ये एलआयसीचाही कायदा बदलला. सहभागी आणि असहभागी पॉलिसींचे फंड वेगळे झाले, मे २०२२ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, आणि सहभागी फंडाचं प्रमाण टप्प्याटप्प्याने ९० ला १० कडे नेण्याचं ठरलं. असहभागी फंडाचा वाढावा पूर्ण भागधारकांचा.

विनियमांप्रमाणे मांडल्या जाणाऱ्या नव्या रेव्हेन्यू अकाउंटमध्ये दायित्वातला बदल खर्चाच्या बाजूलाच येतो, त्यामुळे वाढावा किंवा तूट थेट खाली दिसते. विद्यापीठाच्या पेपरात दोन्ही मांडण्या येऊ शकतात. प्रश्नाच्या शेवटी फंड विचारलाय की वाढावा, हे वाचूनच तक्ता आखायला घ्यावा. आणि प्रमाण दिलेलं नसेल तर आपण कुठलं घेतलं ते उत्तराच्या माथ्यावर लिहावं. वरचंच उदाहरण ९० ला १० ने सोडवलं, तर ८०० पैकी पॉलिसीधारकांचे ७२०, त्यातून दिलेले ४० गेले की आता ६८०, आणि भागधारकांचे ८०, म्हणजे बरोबर ७२० चा नववा भाग. ६८० आणि ८० मिळून पुन्हा ७६०.