साळिंदर सळसळे आणि मंडळी

मुलांच्या कॉमिक स्ट्रिपसाठी प्राण्यांची बारशी करताना पहिला मोह विशेषणांचा होतो. लबाड लांडगा, कपटी कोल्हा. अक्षर जुळतं खरं, पण हे शेरे झाले, आणि त्यातून तो प्राणी दिवसभर काय करतो ते कळतच नाही. म्हणून मी आडनावं लावते. आपल्याकडे कशालाही ‘ए’ किंवा ‘कर’ जोडलं की आडनाव तयार, आणि मुलांना हजेरीच्या वहीमुळे त्याची सवय असतेच.

साळिंदराला सहज सुचलं ते ‘सुईकर’. मी ते खोडलं. सुया म्हणजे अंग झालं, सवय नव्हे. ते चित्रकार दाखवणारच आहे, मग नावानं पुन्हा तेच का सांगायचं? साळिंदर घाबरलं की काटे फुलवतं, शेपटीकडचे पोकळ काटे एकमेकांवर आपटून आवाज करतं आणि तरीही समोरचा हटला नाही तर पाठमोरं त्याच्यावर चालून जातं. काटे फेकून मारतं ही निव्वळ थाप. म्हणून ते झालं ‘साळिंदर सळसळे’. यात गोष्टीची सोयही झाली: पहिल्या चौकटीत नुसती सळसळ, दुसरीत कुत्र्याचे टवकारलेले कान, तिसरीत सळसळेंची पाठ. चौथीत कुत्रा काय करतो ते सांगायला फुगा लागतच नाही.

‘च’ मात्र फसवा. चिचुंद्रीला दिसतं बेताचंच. अंधारात मिशा आणि नाक पुढे करून ती भिंतीच्या कडेकडेनं पळते. ‘चिचुंद्री चाचपे’ कागदावर झकास दिसतं. मोठ्यानं वाचा, म्हणजे कळेल. ‘चिचुंद्री’तला पहिला च टाळूवरचा, ‘चाचपे’तला दातांजवळचा. डोळ्याला जुळलेलं कानाला जुळत नाही, आणि या वयाची निम्मी मुलं पट्टी वाचत नाहीत, आजीकडून ऐकतात. ‘चिकटे’ केलं, की दोन्ही च एका जागी आले. भिंतीला चिकटून पळणं तर त्यात आहेच, वर आडनाव अगदी खरं वाटतं. चिकटेबाईंची पिल्लं कधीकधी एकमेकांची शेपटाकडची कातडी तोंडात धरून आईमागे रांगेनं निघतात; ती रांग चारही चौकटींतून ओढत न्यायची माझी हौस अजून शिल्लक आहे.

नाव चांगलं बसलं की ते लेखकालाही बांधून ठेवतं. भीमाशंकरच्या रानातलं शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत जातं, घरटीही एकाहून जास्त बांधतं, जमिनीवर क्वचितच उतरतं. त्याला ‘शेकरू शेंडेकर’ म्हटल्यावर सळसळेंशी समोरासमोर गप्पा बंद! त्यातून सळसळे रात्री बाहेर पडणारे, शेंडेकर दिवसा. आता दोघांची गाठ फक्त संध्याकाळी पडते, तीही उभ्या चौकटीत, आणि चित्रकार कुरकुरतो की शेंडेकरांचा फुगा दरवेळी वरच्या कडेला आपटतो.